दूध बनणं वेगळं, दूध उतरणं वेगळं

१९४८ साली अमेरिकेतल्या न्यूटन दांपत्याने एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. मायकल न्यूटन डॉक्टर, तर नाइल्स न्यूटन मानसशास्त्राच्या अभ्यासक. अंगावर पिणारं एक बाळ त्यांनी पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर वजनकाट्यावर ठेवलं. वजनातला फरक म्हणजे बाळ प्यायलेलं दूध. नेहमीच्या शांत वातावरणात ते बाळ सरासरी १६८ ग्रॅम दूध प्यायचं. मग पाजताना आईला मुद्दाम त्रास द्यायला सुरुवात केली. कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी पायाची बोटं दुखेपर्यंत ओढली, कधी गणितं घातली आणि उत्तर चुकलं की विजेचा झटका. आई तीच, बाळ तेच, पण दूध मिळालं सरासरी ९९ ग्रॅम. तिसऱ्या प्रकारात त्रास तसाच ठेवला, फक्त आईला ऑक्सिटोसिन या हार्मोनचं इंजेक्शन दिलं. दूध परत १५३ ग्रॅमवर आलं.

आता हिशेब करा. त्रास दिल्यावर जे ६९ ग्रॅम दूध कमी पडलं, ते गेलं कुठे? कुठेच नाही. ते आईच्या अंगातच होतं. ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही, त्यामुळे इंजेक्शनने चार-पाच मिनिटांत नवं दूध तयार झालं असं म्हणता येत नाही. बनून बसलेलं दूध बाहेर येत नव्हतं, ते आलं, इतकंच.

बाळंतिणीच्या खोलीत सर्रास ऐकू येणारं ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. दूध बनत नाहीये, की बनलेलं उतरत नाहीये? ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची दोन वेगळी हार्मोन्स आहेत आणि एकाच्या तक्रारीवर दुसऱ्याचा उपाय चालत नाही. बनवण्याचं काम प्रोलॅक्टिनचं, उतरवण्याचं ऑक्सिटोसिनचं. दोन्ही मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतूनच रक्तात येतात, पण तिच्या दोन वेगवेगळ्या भागांतून.

आधी उतरण्याचं बघू, कारण ते डोळ्यांनी दिसतं.

स्तनाच्या आत दुधाची एखादी मोठी पिशवी नसते. दूध बनतं आणि साठतं ते सूक्ष्म पोकळ पुटकुळ्यांमध्ये. द्राक्षांच्या घडासारख्या त्या गुच्छागुच्छाने असतात आणि त्यांच्यातून बारीक नळ्या निघून एकमेकींना मिळत बोंडीपर्यंत येतात. प्रत्येक पुटकुळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी दूध तयार करतात. बाहेरून मात्र तिला स्नायूसारख्या, आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचं जाळं वेढून असतं. ऑक्सिटोसिन काम करतं ते या जाळ्यावर. ते रक्तातून तिथे पोहोचलं की जाळं आवळतं, पुटकुळी पिळली जाते आणि दूध नळीत ढकललं जातं. बाळाने नुसतं ओढून हे दूध फारसं येत नाही. त्याला आतून रेटा लागतो. या रेट्यालाच आपल्याकडे पान्हा म्हणतात.

म्हैस पाळणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. म्हशीच्या सडांच्या वरच्या मोकळ्या पोकळीत तिच्या एकूण दुधापैकी जेमतेम वीसावा हिस्सा असतो, बाकी सगळं वर त्या पुटकुळ्यांमध्ये अडकलेलं. म्हणून आधी पारडू सोडायचं, त्याने दोन-चार ढुशा द्यायच्या, म्हैस पान्हवली की मग धार काढायची. धार काढणारा माणूस बदलला, गोठ्यात गोंगाट झाला की ती पान्हा चोरते. माणसाची रचना या बाबतीत म्हशीच्या बरीच जवळची आहे, कारण बाईच्या स्तनातही दूध साठवणारी मोठी मोकळी जागा नसते. फरक एवढाच की म्हैस पान्हा चोरते म्हटल्यावर कुणी तिला ‘तुला दूधच नाही’ असं ऐकवत नाही.

बाळाने तोंड लावलं की बोंडीच्या आणि भोवतालच्या काळसर भागाच्या मज्जातंतूंमधून निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे जातो. ऑक्सिटोसिन तिथे तयार होतं आणि पियुषिकेच्या मागच्या भागात साठवून ठेवलेलं असतं. निरोप आला की ते ठरावीक अंतराने, थोडं थोडं, धक्क्याधक्क्याने रक्तात सुटतं. साधारण अर्ध्या ते दोन मिनिटांत पान्हा फुटतो. रक्तात ऑक्सिटोसिन काही मिनिटंच टिकतं, म्हणून एकदा पान्हा फुटला की काम संपलं असं नाही. एका वेळच्या पाजण्यात तो बहुधा दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा येतो. बहुतेक आयांना फक्त पहिला जाणवतो. काहींना मुंग्या आल्यासारखं, सुया टोचल्यासारखं होतं, काहींना दुसऱ्या बाजूने थेंब गळायला लागलेले दिसतात आणि काहींना कधीच काही कळत नाही. न जाणवणं म्हणजे न येणं नव्हे.

आईला कळलं नाही तरी बाळाकडे बघून कळतं. तोंड लावल्यावर पहिल्यांदा बाळ भराभर, वरच्यावर चोखतं, सेकंदाला साधारण दोनदा. हनुवटी नुसती थरथरल्यासारखी हलत असते. मग एकाएकी लय बदलते. तोंड मोठं उघडतं, हनुवटी खोलवर खाली जाते, क्षणभर थांबते आणि घोट गिळल्याचा बारीकसा ‘क्क’ असा आवाज येतो. चोखणं आता सेकंदाला एकदा, आणि जवळजवळ प्रत्येक चोखण्यामागे एक घोट. हा बदल झाला तो पान्हा फुटल्याचा क्षण. काही मिनिटांनी घोट विरळ होतात, बाळ परत भराभर चोखायला लागतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा घोट सुरू. तो दुसरा पान्हा. बाळ किती मिनिटं अंगावर होतं याची नोंद ठेवण्यापेक्षा हे घोट बघणं कितीतरी उपयोगाचं. चाळीस मिनिटं तोंड लावून झोपलेलं बाळ उपाशी असू शकतं आणि आठ मिनिटांत ढसाढसा प्यायलेलं तृप्त.

ऑक्सिटोसिनचा आणखी एक स्वभाव आहे: त्याला सवय लागते. सुरुवातीला बाळाच्या स्पर्शानेच पान्हा फुटतो. पण काही दिवसांत बाळाचं रडणं, वास, पाजायच्या ठरलेल्या खुर्चीत बसणं, एवढंही पुरतं. ऑफिसात दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं आणि कुर्ता भिजला हा अनुभव कितीतरी जणींना असतो. प्रोलॅक्टिनचं तसं नाही. ते रडण्याला भुलत नाही. ते वाढायला प्रत्यक्ष चोखणं, किंवा हाताने अथवा पंपाने काढणं, म्हणजे बोंडीला उत्तेजन, लागतंच.

आणि ज्या मेंदूला सवय लागते त्याला अडथळाही येतो. टाक्यांची कळ, चिरलेली बोंडी, खोलीत बसलेली चार माणसं, ‘येतंय का गं?’ हा दर पाच मिनिटांनी येणारा प्रश्न. यांनी ऑक्सिटोसिनचे धक्के कमी होतात किंवा उशिरा येतात. हे अडखळणं बहुतेक वेळा तात्पुरतं असतं. काळजी केली की दूध ‘आटतं’ असं जे सांगितलं जातं ते निम्मंच खरं: काळजीने त्या वेळचं दूध अडतं. मात्र असं रोज घडून स्तन रिकामे होणंच कमी झालं, तर पुढे बनणंही कमी होतं. ते का, ते खाली येईलच.

पहिल्या आठवड्यात पाजताना ओटीपोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर जरा जास्तच. तेही ऑक्सिटोसिनचंच काम. ते गर्भाशयही आवळतं, त्यामुळे रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. आईच्या दृष्टीने यात एक आयती खूण आहे: कळ आली म्हणजे ऑक्सिटोसिन सुटलं.

काही थोड्या जणींना पान्हा फुटायच्या काही सेकंद आधी अचानक खोल उदास वाटतं, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, आणि दोन-चार मिनिटांत ते आपोआप सरतं. दर वेळी पान्ह्याच्याच वेळी आणि एवढंच. हे बाळंतपणानंतरच्या नैराश्यापेक्षा वेगळं आहे आणि आईचं बाळावर प्रेम नसल्याची खूण तर मुळीच नाही. पण उदासी दिवसभर पुरत असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

आता बनण्याकडे. प्रोलॅक्टिन पियुषिकेच्या पुढच्या भागात तयार होतं आणि त्याची गंमत अशी की त्याला ‘सूट’ म्हणून सांगावं लागत नाही, ‘थांब’ म्हणून सांगावं लागतं. एरवी मेंदूतून येणारं डोपामिन त्याला सतत दाबून ठेवतं. बाळ चोखायला लागलं की डोपामिन कमी होतं आणि प्रोलॅक्टिन उसळतं. मानसोपचारातली काही औषधं डोपामिनच्याच वाटेत आडवी येतात, म्हणून ती घेणाऱ्या, कधीही गरोदर न राहिलेल्या बाईलाही कधीकधी दूध येतं.

गरोदरपणात प्रोलॅक्टिन हळूहळू वाढत जातं आणि नऊ महिने भरेपर्यंत एरवीच्या साधारण दहापट होतं. मग पाचव्या-सहाव्या महिन्यातच दुधाच्या धारा का लागत नाहीत? कारण वार. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दूध बनवणाऱ्या पेशींना अडवून धरतं. चीक तेवढा थोडाथोडा तयार होत असतो. बाळंतपण झालं, वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. प्रोलॅक्टिन चढलेलंच असतं. अडसर निघाल्यावर पेशी कामाला लागतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी स्तन भरून, जड होऊन येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पहिल्या दोन दिवसांत दूध ‘न दिसणं’ ही ठरलेली गोष्ट आहे. चीक एका वेळी चमचा-दोन चमचे येतो, आणि त्या दिवसांत भरल्या मुदतीच्या, तब्येतीने ठणठणीत बाळाला तो बहुधा पुरतो. दुसरं, तिसऱ्या दिवशी स्तन भरून येणं हे बाळ पितंय की नाही यावर ठरत नाही, वार पडण्यावर ठरतं. म्हणूनच ज्या आईचं बाळ दगावतं तिलाही तिसऱ्या दिवशी दूध येतं. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि ते सांगणं हे दवाखान्याचं काम आहे.

वारेचा एखादा तुकडा गर्भाशयात राहिला तर थोडंथोडं प्रोजेस्टेरॉन येत राहतं आणि दूध भरून यायला उशीर होतो. चौथा-पाचवा दिवस उलटूनही स्तनांत काहीच फरक नाही आणि रक्तस्रावही जास्त होतोय, असं असेल तर डॉक्टर सोनोग्राफी करून आधी हे बघतात. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह, जास्त वजन यांतही हा उशीर एखाद-दोन दिवसांचा होतो. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला तर क्वचित पियुषिकेलाच रक्त कमी पडून ती निकामी होते. मग प्रोलॅक्टिनच नसतं, त्यामुळे दूध येतच नाही. पुढे पाळी परत येत नाही, थकवा जात नाही. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध न येणं ही त्याची बऱ्याचदा पहिली खूण असते, आणि ‘काहींना येत नाही दूध’ म्हणून सोडून दिल्यामुळे निदान वर्षानुवर्षं लांबतं.

बाळ प्यायला लागल्यावर प्रोलॅक्टिन चढतं आणि सुमारे अर्ध्या तासाने सगळ्यात वर असतं. म्हणजे आत्ताच्या पिण्याने जे उसळलं ते मुख्यतः पुढच्या वेळच्या दुधासाठी. रात्री ही पातळी दिवसापेक्षा जास्त असते. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीची पाजणी चुकवणं दिसतं त्यापेक्षा महाग पडतं. थकलेल्या आईला झोप मिळावी म्हणून रात्री वरच्या दुधाची बाटली देणारी आजी मायेपोटीच तसं करते. पण झोप दुपारी भरून काढता आली तर सौदा बरा होतो.

इथपर्यंतचं वाचून असं वाटेल की ज्या आईचं प्रोलॅक्टिन जास्त तिला दूध जास्त. पहिल्या काही आठवड्यांनंतर तसं राहत नाही. प्रोलॅक्टिनची पातळी महिन्यागणिक उतरत जाते, आणि दूध मात्र तेवढंच येत राहतं. ते लागतं, पण पुरेसं असलं की झालं. मग रोज किती बनायचं हे कोण ठरवतं? स्तन स्वतः, आणि तेही दोन्ही बाजू वेगवेगळ्या.

हाँगकाँगच्या किनाऱ्यावर बोटींवर राहणाऱ्या टंका समाजातल्या बायका परंपरेने फक्त उजव्या बाजूने पाजत, कारण त्यांच्या कपड्याचं उघडणं उजवीकडे असे. दोन्ही स्तनांना मिळणारं रक्त एक, त्यातलं प्रोलॅक्टिन एक. तरी दूध ज्या बाजूने काढलं जाई तिथेच टिके. एका बाजूने पाजणं सोडलं की ती बाजू आटते आणि दुसरी जोमात राहते, हे आपल्याकडच्या आयाही बघतात. म्हणजे केवळ रक्तातल्या हार्मोनवर हे ठरत नाही.

पुटकुळी दुधाने तट्ट भरलेली राहिली की तिच्या पेशी बनवण्याचा वेग कमी करतात, रिकामी झाली की वाढवतात. दुधातच असा वेग कमी करणारा एखादा घटक असावा असं शास्त्रज्ञ मानतात, शिवाय भरलेल्या पुटकुळीचा ताणही पेशींना कळतो. त्या घटकाचं नेमकं रूप अजून पक्कं ठरलेलं नाही, परिणाम मात्र पक्का आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर वाढणाऱ्या ७१ बाळांची चोवीस तासांची मोजणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध प्यायली, पण कुणी ४७८ ग्रॅमवर वाढत होतं तर कुणी १३५६ ग्रॅमवर. पाजण्याच्या वेळा कुणाच्या सहा, कुणाच्या अठरा. आणि एका वेळी बाळ स्तनातलं जेवढं दूध उपलब्ध असे त्याच्या सरासरी दोन तृतीयांशच प्यायचं. स्तन कधी पूर्ण रिकामा होत नाही. ‘दूध साठू दे, मग पाज’ हा सल्ला मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतो. वाट बघितल्याने त्या एका वेळेला दूध जास्त दिसतं, पण दिवसभराचं उत्पादन घटतं.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा, एका पहिलटकरणीचं सिझेरियन झालं, बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं. तिसऱ्या दिवशी वजन २ किलो ६७०. म्हणजे सुमारे ८ टक्के घट. सात टक्क्यांपुढे गेलं की डॉक्टर लक्ष ठेवतात, दहा टक्क्यांपुढे जास्त काळजी करतात. स्तन चौथ्या दिवशी भरून आले, पण तोवर घरच्यांनी घाबरून दिवसाला तीन वेळा साठ-साठ मिलिलिटर पावडरचं दूध सुरू केलं होतं. पंधराव्या दिवशी बाळ ३ किलो झालं. छान. पण आता आईची तक्रार आहे की दूध कमी पडतं, बाटली सुटत नाही.

या वयात बाळाला दिवसाला किलोमागे साधारण दीडशे मिलिलिटर लागतं. ३ किलोला ४५०. त्यातलं १८० बाटलीतून जातं, उरलं २७०. स्तन दिवसाला २७०च देत आहेत, कारण त्यांच्याकडून २७०च काढलं जातं. इथे ‘दूध कमी’ हे खरं आहे, पण त्याचं कारण आईच्या शरीरातली खोट नाही, बाटलीच्या वेळी भरून राहिलेल्या पुटकुळ्या आहेत.

पण आधी खात्री करायची, हा बनण्याचा प्रश्न की उतरण्याचा? ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर बाळाला त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता, पाजण्याआधी आणि नंतर ठेवलं. ३०१० वरून ३०५५. मिळालं ४५ ग्रॅम. पाजल्यावर स्तन हाताला मऊ लागतात. पंप लावून दहा मिनिटांत जेमतेम पाच-सात मिलिलिटर येतं. बाळाचे घोट पहिली काही मिनिटं स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे पान्हा फुटतो, बाळ ओढतं आणि जे आहे ते बाहेर येतं. प्रश्न बनण्याचा. उलट बाळ पिऊन झाल्यावरही स्तन जड आणि गाठीगाठीचे राहिले असते, बाळ भराभर चोखत राहिलं पण घोट ऐकू आले नसते, आणि नंतर हाताने काढल्यावर पन्नास मिलिलिटर सहज निघालं असतं, तर प्रश्न उतरण्याचा किंवा बाळाच्या पकडीचा. तिथे टाक्यांसाठी दुखण्याचं औषध वेळेवर देणं, बाळाच्या तोंडात फक्त बोंडी न जाता भोवतालचा काळसर भागही जाईल असं धरणं, पाजण्याआधी गरम ओला पंचा, खोलीतली गर्दी कमी, या साध्या गोष्टींनी फरक पडतो. नुसत्या पंपाच्या आकड्यावर निदान करू नये, हेही इथे सांगायला हवं. पंपाला पान्हा देणं प्रत्येकीच्या मेंदूला जमतं असं नाही. ज्या आईकडून पंपाने वीस मिलिलिटर येतं तिच्याकडूनच बाळ सत्तर ओढू शकतं.

आपल्या उदाहरणातल्या आईसाठी उपाय असा: बाटलीच्या तिन्ही वेळी आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, मग जे वरचं द्यायचं ते वाटी-चमच्याने, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हाताने किंवा पंपाने काढायचं, आलं नाही तरी. निघालेलं दूध पुढच्या वेळी वरच्या दुधाऐवजी वापरायचं. वरचं दूध एकदम बंद करायचं नाही. साठचं पंचेचाळीस, दोन-तीन दिवसांनी तीस, आणि दर तीन दिवसांनी वजन. दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढत असेल, चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होत असेल तर पुढची पायरी. वाढ थांबली तर एक पायरी मागे. दोन-तीन आठवड्यांत बहुधा तीनपैकी दोन वेळा सुटतात. तिसरी कधी सुटते, कधी महिनोन्‌महिने राहते. राहिली तरी बाकीचं दूध अंगावरचंच असतं.

साधारण दीड महिन्याच्या आसपास आणखी एक घाबरगुंडी उडते. तोवर तटतटणारे स्तन एकदम मऊ पडतात, गळणं थांबतं, आणि नेमकं तेव्हाच बाळ संध्याकाळी सारखं सारखं मागायला लागतं. दूध गेलं, असं वाटतं. खरं तर सुरुवातीची सूज आणि जास्तीचा साठा ओसरून उत्पादन बाळाच्या मागणीला बसलेलं असतं. शू आणि वजन ठीक असेल तर काही करायचं नाही.

औषधांबद्दल थोडं. डॉमपेरिडोनसारखी गोळी डोपामिनला अडवून प्रोलॅक्टिन वाढवते. म्हणजे ती बनण्याच्या बाजूचं औषध आहे, पान्हा अडलेल्या आईला तिचा उपयोग काय? आणि पुटकुळ्या रिकाम्याच होत नसतील तर तिच्याने एकटीने काही साधत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून दुकानातून आपलं आपण आणून घ्यायची ही गोष्ट नाही. शतावरी, मेथी, अळीव यांबद्दल पुरावा तोकडा आहे. अळिवाच्या लाडवातून लोह आणि उष्मांक मिळतात, बाळंतिणीला दोन्हींची गरज असते, तेव्हा लाडू जरूर खावेत. पण दोन लाडू जास्त खाऊन एक पाजणी चुकवली तर हिशेब तोट्याचाच. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र दूध कमी करू शकतात. बाळंतपणानंतर गोळी लिहून घेताना आपण अंगावर पाजतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. आणि थायरॉइड कमी काम करत असेल, पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपणात स्तनांत काहीच बदल झाला नसेल, तर सगळं नीट करूनही दूध खरोखर अपुरं राहू शकतं. अशा आईला आणखी जोर लावायला सांगणं क्रूरपणा आहे. तिला तपासणी हवी आणि बाळाला वरचं दूध.

पाजणं थांबवायचं झालं तर हेच सगळं उलट दिशेने चालतं. एकेक पाजणी तीन-चार दिवसांच्या अंतराने कमी करायची, ठणका लागला तर बरं वाटेपुरतंच थोडं हाताने काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. भरलेल्या पुटकुळ्याच उत्पादन उतरवतात. छाती घट्ट बांधण्याची जुनी रीत टाळावी, त्याने नळ्या दाबून गाठी होऊ शकतात आणि ताप चढू शकतो. बाळ दगावल्यामुळे किंवा आईच्या आजारामुळे एकदम थांबवावं लागलं तर डोपामिनसारखं काम करणारी कॅबरगोलिनची गोळी मिळते. ती बाळंतपणाच्या पहिल्या दिवशी, दूध भरून येण्याआधी घेतली तर उत्तम लागू पडते. रक्तदाब वाढलेला असेल तर ती देत नाहीत, म्हणून गरोदरपणातला रक्तदाब किती होता हे सांगितल्याशिवाय ती मागू नये.